पहिली ऑर्डर फुकट करू नका, आणि छपाईचे पैसे आपल्या हातात घेऊ नका

गेल्या आठवड्यात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीनं सांगितलं, "ताई, मला पहिलं बॅनर मिळालं. ओळखीचे आहेत, म्हणून पैसे नाही सांगितले." तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. घरी बसून कॅनव्हावर पत्रिका, दुकानाचे बॅनर, सणांच्या शुभेच्छा करणाऱ्या नागपुरातल्या पोरापोरींसाठी लिहिते आहे. माझ्या पहिल्या ऑर्डरचा पूर्ण हिशोबच मांडते.

मानेवाड्याला आमच्या गल्लीतल्या काकांनी डेली नीड्सचं दुकान टाकलं. १० फूट बाय ३ फुटाचं फ्लेक्स पाहिजे होतं. "बेटा, तुला वाटंल ते घे," म्हणाले. मी डिझाइनचे २०० सांगितले. छपाई १५ रुपये स्क्वेअर फुटानं ३० फुटाचे ४५०. असे एकूण ६५० घेतले आणि छापून आणायचं कामही अंगावर घेतलं. इथेच चुकलं.

डिझाइन तीन तासांत झालं. मग बदल सुरू झाले. आधी दुसरा मोबाइल नंबर, मग गणपतीचा फोटो, मग "होम डिलिव्हरी पण टाक", मग काकूंना पिवळा रंग आवडला नाही. एकूण सात वेळा. शेवटी मी कॅनव्हातून जेपीजी काढून फ्लेक्सवाल्याला व्हॉट्सअॅपवर पाठवली. बॅनर लागलं तेव्हा रस्त्यावरूनच कळत होतं की अक्षरांच्या कडा फुटल्या आहेत आणि गणपती धूसर आहे.

कारण साधं होतं. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की फाइल बारीक होते. माझी लांबीला १६०० पिक्सेल उरली होती. १० फूट म्हणजे १२० इंच, म्हणजे एका इंचाला जेमतेम १३ पिक्सेल. दुकानाचं फ्लेक्स लांबून पाहतात, म्हणून त्याला पुस्तकासारखे ३०० लागत नाहीत, पण ७० च्या आसपास तरी हवेत. म्हणून फाइल नेहमी डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलनं पाठवा. आणि पाठवण्याआधी आपल्याच स्क्रीनवर १०० टक्के झूम करून पाहा. तिथे कडा मऊ दिसल्या तर छापल्यावरही तशाच दिसणार.

दुसऱ्यांदा मी पीडीएफ घेऊन स्वतः गेले. फ्लेक्सवाल्या दादांनी ती कोरलमध्ये उघडली आणि म्हणाले, "काऊन ताई, हे अक्षर असं काऊन दिसून राहिलं?" 'प्रोव्हिजन'मधला 'व्हि' तुटला होता आणि वेलांटी भलतीकडेच जाऊन बसली होती. माझा फॉन्ट त्यांच्या मशीनवर नव्हता, म्हणून कोरलनं दुसराच लावला आणि मराठी जोडाक्षरं मोडली. समोर बसले होते म्हणून दिसलं, नाहीतर तेही छापून आलं असतं. "कर्व्ह करून आण," ते म्हणाले. त्या एका वाक्यानं मला जे शिकवलं ते कुठल्या व्हिडिओत मिळालं नव्हतं.

कर्व्ह करणं म्हणजे अक्षराचं चित्र करून टाकणं, मग समोरच्याकडे फॉन्ट असो वा नसो. मी बॅनर आता इंकस्केपमध्ये करते. तेही फुकट आहे. पान खऱ्या मापाचं घ्यायचं, १२० बाय ३६ इंच. अक्षरं तिथे कितीही मोठी केली तरी फुटत नाहीत. फोटो मात्र मूळचाच मोठा लागतो, त्याला इलाज नाही. मुक्ता, बालू असे गूगल फॉन्ट्सवरचे मराठी फॉन्ट धंद्याच्या कामालाही मोफत वापरता येतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. कडेपासून तीन इंच मोकळे सोडा, कारण तिथे दुमड आणि रिंगा येतात. सगळं वाचून झालं की फाइलची एक प्रत वेगळी ठेवा आणि दुसऱ्या प्रतीत अक्षरं निवडून हे करा:

```
Path > Object to Path
```

यानंतर अक्षर टाइप करून बदलता येत नाही. म्हणून आधी शुद्धलेखन, मग कर्व्ह. माझ्याकडून एकदा उलटं झालं आणि अख्खी ओळ परत बसवावी लागली.

तर हिशोब. आले ६५०. छपाई दोनदा, ९००. खिशातून गेले २५०, आणि वेळ नऊ तासांच्या वर. काकांची काही चूक नव्हती. किती बदल चालतील हे मी सांगितलंच नव्हतं, आणि छपाई माझ्या हातातून झाली म्हणून तिचा भुर्दंडही माझाच.

आज तेच काम आलं तर मी असं सांगीन. माझा तास १५० रुपयांचा, बॅनरला तीन तास, म्हणून डिझाइनचे ४५०. त्यात दोन वेळा बदल. पुढच्या प्रत्येक बदलाला ७५, कारण अर्धा तास जातोच. काकांचे सात बदल धरले तर वरचे पाच, म्हणजे ३७५, एकूण ८२५. माझ्या हातून झालेली चूक मात्र कितीही वेळा फुकट दुरुस्त करून देते. 'सौ.'चं 'श्री.' मी केलं असेल तर ती दुरुस्ती. नवा नंबर त्यांनी नंतर दिला असेल तर तो बदल. हा फरक पहिल्याच फोनवर सांगते. अर्धे पैसे आधी घेते. छपाईचे पैसे गिऱ्हाईक थेट फ्लेक्सवाल्याला देतं, आणि छापायच्या आधी "बरोबर आहे, छापा" एवढं व्हॉट्सअॅपवर लिहून मागते.

१५० हा आकडा माझा आहे. तुम्ही नवे असाल तर १०० धरा, पण पहिली तीन-चार कामं वहीत वेळ लिहून करा. डिझाइनला नाही, फोनवर बोलण्यात किती जातो ते पाहून चकित व्हाल. बारशाच्या पत्रिकेत तर चित्र अर्ध्या तासात होतं आणि आत्या-मामांच्या नावांच्या यादीत दोन तास जातात. सणाच्या शुभेच्छांचं उलट आहे. पहिलं डिझाइन ३०० चं. पुढे नुसतं नाव-फोटो बदलायला दहा मिनिटं लागतात, त्याचे ५० घेते.

"फुकटच्या अॅपवर तर केलंस, पैसे कशाचे?" हे तुम्हालाही ऐकावं लागेल. मला राग येत नाही. मी सांगते की अॅप फुकट आहे, पण तुमच्या दुकानाचं नाव दहा फुटांवर मराठीत न तुटता छापून येईल याची जबाबदारी मी घेते आहे. ओळखीच्यांनाही हेच सांगते. सवलत द्यायचीच असेल तर बिलावर पूर्ण ४५० लिहा आणि खाली "ओळखीची सूट १००" लिहा. म्हणजे त्यांनी तुमचं नाव दुसऱ्याला सांगितलं की आकडा ४५० चाच पोचतो. फुकट केलेल्या कामाची बातमी फुकट म्हणूनच पसरते. माझ्याकडे काकांच्या ओळखीनं आलेले पहिले तिघंही २०० धरूनच आले होते.

यंदा तान्ह्या पोळ्याच्या चार दिवस आधी त्याच काकांचा मेसेज आला. लाकडी नंदीसोबत उभ्या नातवाचा फोटो त्यांनी डॉक्युमेंट म्हणून पाठवला होता, मजकूर एकाच मेसेजमध्ये होता, आणि खाली १५० रुपये जमा झाल्याचा स्क्रीनशॉट. "उरलेले झाल्यावर देतो. बदल दोनच करीन."