जुने दस्त स्कॅन करताना फ्लॅश बंद ठेवा, आणि काळ्या-पांढऱ्या फिल्टरपासून तर लांबच राहा

गोव्यातल्या जुन्या घरांत हल्ली सगळीकडे एकच गडबड चाललेली असते. भावंडं पुण्याला, मुंबईला, कोणी दुबईला. वकील पणजीला किंवा म्हापशाला. आणि जमिनीचे कागद गावच्या घरात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. मग कोणीतरी मोबाइल काढतो, पटापट फोटो घेतो आणि व्हॉट्सअॅपवर टाकतो. दुसऱ्या दिवशी वकिलांचा फोन येतो, "हे वाचता येत नाही हो, परत पाठवा."

आमच्या फोंड्याच्या नातेवाइकांकडे नुकतंच हेच झालं. कागद १९५० च्या दशकातला, हाताने लिहिलेला पोर्तुगीज दस्त. पातळ कागद, दोन्ही बाजूंना लिखाण, शाई तपकिरी पडलेली आणि खाली कोपऱ्यात उठावाचा शिक्का. भाच्याने ट्यूबलाइटखाली फ्लॅश लावून फोटो घेतला आणि अॅपमधला काळा-पांढरा फिल्टर लावला. पानाच्या मधल्या दोन-तीन ओळी उडाल्या, मागच्या पानावरची अक्षरं पुढे डोकावायला लागली आणि शिक्का तर दिसेचना. मोबाइल चांगला होता, कॅमेराही चांगला होता. माझं स्पष्ट मत आहे की असा कागद अॅपच्या हवाली करू नये. फोटो घेतानाच सेटिंग्ज नीट लावाव्यात. फोटोत जे आलंच नाही, ते कुठलाही फिल्टर परत आणून देत नाही.

आधी फ्लॅशबद्दल. मोबाइलचा फ्लॅश लेन्सला अगदी लागून असतो. कागद समोर सरळ धरला की त्याचा उजेड कागदावर आपटून थेट लेन्समध्येच परत येतो. लॅमिनेट केलेल्या किंवा गुळगुळीत कागदावर मधोमध पांढरा डाग पडतो तो यामुळे. साध्या कागदावर डाग पडला नाही तरी मधला भाग जास्त उजळ आणि कडा काळवंडलेल्या येतात. म्हणून फ्लॅश "ऑटो"वर सोडू नका, पूर्ण बंद करा. उजेड खिडकीचा घ्या, तोही ऊन थेट पडत नसेल असा. पावसाळ्यातलं आपल्याकडचं ढगाळ आभाळ या कामाला उत्तम. उजेड सगळीकडून सारखा येतो, सावली जवळजवळ पडतच नाही. सोप्यावर किंवा बाल्कांवात दिवसा बसा, खोलीतला दिवा बंद करा आणि खिडकी बाजूला येईल असं पान ठेवा. पाठीमागे उजेड असेल तर आपलीच सावली पानावर पडते.

मागचं लिखाण दिसतं त्यावर साधा उपाय आहे. पानाखाली काळा कार्डपेपर ठेवायचा. पातळ कागदातून उजेड आरपार जातो, खालच्या पांढऱ्या टेबलावरून परत येतो आणि येताना मागची अक्षरं घेऊन येतो. खाली काळं असलं की तो उजेड तिथेच जिरतो. फोंड्याच्या त्या दस्ताला एवढ्यानेच निम्मा फरक पडला. मात्र शाईच कागदातून झिरपून पुढे उतरली असेल तर काळा कागद काही करू शकत नाही.

उठावाच्या शिक्क्याचा वेगळा फोटो घ्यावा लागतो. त्याला रंग नसतो, त्यामुळे सारख्या उजेडात तो नाहीसा होतो. संध्याकाळी खिडकीतून तिरका उजेड येतो तेव्हा पान तिथे ठेवा. उठावाच्या एका बाजूला बारीक सावली पडते आणि शिक्क्यातली अक्षरं वाचता येतात.

आता रेझोल्यूशन. ५० किंवा १०८ मेगापिक्सेलच्या मागे लागायची गरज नाही. घरातल्या उजेडात त्या मोडमध्ये बऱ्याचदा दाणे येतात आणि फाइल उगाच जड होते. १२ मेगापिक्सेल, म्हणजे ४००० बाय ३००० चा फोटो, ए-फोर पानाला पुरतो. अट एकच, पानाने फ्रेम भरलेली हवी. तशी भरली तर इंचाला साधारण ३४० ठिपके मिळतात, आणि दस्तांच्या स्कॅनिंगला ३०० पुरेसे मानतात. लांबून फोटो घेतला आणि पानाने फ्रेमची निम्मीच उंची व्यापली, तर हेच १७० वर येतं. दोन मिलिमीटर उंचीचं अक्षर मग सत्तावीस ठिपक्यांऐवजी तेरा-चौदा ठिपक्यांत बसतं. लेखणीच्या बारीक रेघेला तर जेमतेम एक ठिपका उरतो, आणि पोर्तुगीज हस्ताक्षरात "n" आणि "u" वेगळे ओळखता येत नाहीत.

फोटोचा आकार ४:३ ठेवा. बऱ्याच फोनवर १६:९ निवडलं की कॅमेरा त्याच फोटोच्या दोन बाजू कापून टाकतो आणि ३४० चे २७० होतात.

ग्रिड लाइन्स लोक चालू करत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये, आयफोनवर मुख्य सेटिंग्जमधल्या कॅमेऱ्यात हा पर्याय सापडतो. पानाच्या चारही कडा त्या रेघांना समांतर दिसल्या की फोन पानाला समांतर आहे असं समजा. एखादी बाजू निमुळती दिसली तर फोन कलला आहे. आयफोनवर ग्रिडसोबत लेव्हलही चालू करा. फोन सरळ खाली धरला की पडद्यावर दोन अधिक चिन्हं दिसतात, ती एकमेकांवर आली की दाबायचं. "वाकडा आला तर अॅप सरळ करतं की" असं मला खूप जण सांगतात. करतं, पण लांबच्या बाजूची अक्षरं आधीच लहान आलेली असतात आणि ती ताणून करतं. त्या बाजूच्या ओळी धूसर होतात. जमिनीच्या दस्तात चतुःसीमा नेमकी त्याच ओळींत असली तर?

फोटो घेताना पानावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी किंचित वर सरकवा. पांढरं पान समोर आलं की कॅमेरा ते करडं करून टाकतो. दोन सेकंदांचा टायमर लावला तर हात हलत नाही.

फाइल करताना रंगीत ठेवा. काळा-पांढरा फिल्टर प्रत्येक ठिपक्याला काळा किंवा पांढरा यांपैकी एकच ठरवतो, आणि फिकी शाई पांढऱ्यात जमा होते. अक्षरं मोठी करून बघितली आणि रेघा तुटक दिसल्या, की हेच झालंय असं समजा. नवीन छापील कागदाला तो फिल्टर चालतो, जुन्याला नाही.

पीडीएफ करायला वेगळं अॅप लागत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर गॅलरीतून सगळी पानं क्रमाने निवडून प्रिंटवर जाता येतं, तिथे जा आणि प्रिंटरच्या जागी Save as PDF निवडा. आयफोनवर ते फोटो फाइल्समध्ये ठेवून निवडले की Create PDF येतं. एका दस्ताची एकच फाइल करा, पुढची बाजू, मागची बाजू, शेवटी शिक्का. व्हॉट्सअॅपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते. एखाद्या सरकारी पोर्टलला लहान फाइल हवी असेल तर तेवढ्यापुरती वेगळी प्रत करा, मूळ मोठी फाइल तशीच ठेवा.

हे स्कॅन वकिलांना वाचायला आणि घरच्यांना सांभाळायला. कोर्टात मूळ दस्त किंवा प्रमाणित प्रतच मागतात, आणि पोर्तुगीज काळातल्या नोंदींसाठी पणजीच्या पुराभिलेख खात्यात विचारावं लागतं. फोंड्याच्या त्या दस्ताचा नवा स्कॅन गेल्यावर वकिलांनी सर्व्हे नंबर जुळवायला घेतला, आणि त्यासाठी आधी एक-चौदाचा उतारा पाठवायला सांगितलाय. तो छापील आहे, त्याला काळा-पांढरा फिल्टर खुशाल लावा.