बत्तीस एमएलचा दस्तऐवज

खाज्यांचा पुडा त्यांच्या घरी गेला. माझ्या नाही, त्यांच्या. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझा सूर कुठं खवचट लागला तर कारण शोधत बसायला नको.

आमच्या फोंड्याच्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या मुलीनं कुत्र्याचं पिल्लू आणलं. मादी, आठ आठवड्यांची, गावठी. नाव दोदोल, कारण रंग आमच्या गोव्याच्या त्या मिठाईसारखाच, गूळ आणि नारळाच्या रसात घोटून काढल्यासारखा. मी बावीस वर्षं कुत्री पाळली आहेत, त्यामुळं इमारतीत मी बिनपगारी कंपाउंडर आहे. रात्री पावणेदहाला फोन टुणकन वाजला: ‘काका, हे जरा वाचून सांगा ना.’

खाली लसीकरणाच्या कार्डाचा फोटो. पोरीनं ते कार्ड पहिल्याच दिवशी लॅमिनेट करून घेतलं होतं. जन्मदाखला करतात ना, तसं! पुढच्या लसीचा स्टिकर आता कुठं चिकटवायचा, डॉक्टरांनी सही कुठं करायची, असले क्षुद्र विचार तिच्या मनाला शिवले नव्हते. त्या चकचकीत प्लास्टिकवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा असा पडला होता की कार्डाचा मधला भाग दूधसागर झाला होता. डाव्या कोपऱ्यावर अंगठा. दुसरा फोटो मागितला, तो आडवा आला. तिसऱ्या वेळी तिनं व्हिडिओ पाठवला. त्यात कार्ड दोन सेकंद आणि दोदोल चाळीस सेकंद.

‘काका, तिला एकाच दिवशी दोन इंजेक्शनं दिलीत. दोन स्टिकर आहेत. जास्त झालं का?’

नाही. ती लस दोन कुप्यांत येते. एकीत डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे विषाणूंची कोरडी वडी असते. दुसरीत लेप्टोची पातळ लस. पातळ ओतून कोरडी विरघळवतात आणि दोन्ही मिळून एकच सुई टोचतात. पण कुप्या दोन, म्हणून स्टिकर दोन.

‘आणि पुढची लस नोव्हेंबर 2026 ना? स्टिकरवर छापलंय.’

ती कुपीची मुदत. फ्रिजमध्ये पडून राहिली असती तर त्या महिन्यापर्यंत चालली असती, एवढाच त्याचा अर्थ. पिल्लाची पुढची तारीख शेजारच्या रकान्यात पेनानं लिहिलेली असते. ती होती 05/07, आणि पहिल्या लसीची 07/06/25. हे तिनं अमेरिकेतल्या भावालाही पाठवलं होतं. त्यानं तिकडच्या रिवाजानं महिना आधी धरला आणि पहिली लस 6 जुलैला, तर दुसरी 7 मेला, म्हणजे पहिलीच्या दोन महिने आधी होऊन गेल्याचं कळवलं. असली गाठ मोजून सुटते. 7 जूननंतर अठ्ठावीस दिवसांनी 5 जुलै येते. पिल्लांच्या लशी तीन-चार आठवड्यांनीच देतात, सोळा आठवडे भरेपर्यंत, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती रक्तात असते तोवर ती लसीलाच हाणून पाडते. ती नेमकी कधी ओसरेल हे बाहेरून कळत नाही, म्हणून पुन्हापुन्हा टोचायचं. तोवर पिल्लाला रस्त्यावर हुंगत फिरवायचं नाही. पार्व्हो मातीत महिनोन्‌महिने टिकतो. शिवाय आपल्याकडचा जून. उंदीर मुतलेलं पाणी सगळीकडं वाहत असतं, आणि लेप्टो त्यातूनच येतो.

हे सगळं मी एका बोटानं टाइप केलं. उत्तर आलं: अंगठा. (कार्डावरचा नव्हे, पिवळा.)

जाता जाता सांगतो. आमच्या गल्लीतली मोकाट कुत्री या बाबतीत दोदोलपेक्षा सुखी आहेत. रेबीजवाले स्वयंसेवक जाळी घेऊन येतात, धरतात, टोचतात, अंगावर रंगाची खूण करतात आणि नोंद फोनमधल्या अ‍ॅपवर टाकतात. 2021 साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला तो असल्या उठाठेवीतून. रस्त्यावरच्या काळूची नोंद जागच्या जागी अ‍ॅपमध्ये, आणि घरच्या दोदोलची अंगठ्याखाली!

कार्डाच्या खालच्या भागात जंताच्या औषधाची ओळ होती. ती काही लागेना. ‘सकाळी उजेडात, प्लास्टिक तिरपं धरून फोटो काढ, मग सांगतो,’ असं कळवून मी झोपलो. तिथं चूक झाली.

सकाळी माझ्या प्रेशरच्या गोळ्या आणायला फार्मसीत गेलो, तर ही तिथं उभी. खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीतून दोदोलचं डोकं बाहेर. आणि फार्मसीवाला म्हणत होता, ‘सहा बाटल्या आहेत. बाकीच्या चोवीस पणजीहून मागवाव्या लागतील.’

‘तीस बाटल्या?’ मी ओरडलोच.

‘काका, मी रात्री लावलं की वाचून! बत्तीस एमएल, चौदा दिवस. चारशे अठ्ठेचाळीस. बाटली पंधराची.’

गणितात खोट नव्हती. मी फोन हातात घेणार, एवढ्यात तो मधल्यामधे दुसऱ्याच हातात गेला. बाकावर काठी टेकून बसलेले एक आजोबा, ऐंशीच्या घरातले, खिशातून भिंग काढत होते.

‘मला दाखव. मी चाळीस वर्षं दस्त वाचलेत. पोर्तुगीज काळातले, हातानं लिहिलेले. डॉक्टराचं अक्षर म्हणजे काय मोठंसं?’

सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत ते कारकून होते. भिंग स्क्रीनवर फिरू लागलं. स्क्रीनला बोट लागून फोटो मोठा झाला, छोटा झाला, मग भलताच फोटो आला (कुणाच्या तरी बारशाचा, तोही त्यांनी लक्षपूर्वक वाचला), मग परत कार्ड.

‘पळय. नाव दोदोल. पुढं कंसात एफ.’ त्यांचा चेहरा पडला. ‘फालेसीदो. म्हणजे मयत.’

‘आजोबा, फीमेल,’ मुलगी म्हणाली. दोदोलनं जांभई देऊन हयातीचा पुरावा दिला.

‘बरं. मालक म्हणून तुझं नाव. लग्न झालंय?’

‘हो.’

‘मग नवऱ्याची सही कुठं आहे? गोव्यात लग्नानंतर मालमत्ता दोघांची. कुत्रं अर्धं त्याचं. एकटीच्या सहीनं उद्या विकता येणार नाही तुला.’

‘मला विकायचं नाहीये!’

‘आज नाही. दस्त पुढच्या पिढीसाठी असतो, बाय.’

मागं रांग वाढत होती आणि रांगेला मजा येत होती. मी म्हटलं, अहो भाई, ती औषधाची ओळ तेवढी बघा. त्यांनी बघितली आणि निकाल दिला, ‘बत्तीस. स्पष्ट बत्तीस आहे.’

‘बत्तीस असणार नाही. मधलं टिंब उजेडात बुडालंय.’

‘दिसतं ते वाचायचं. दस्तात नसलेलं टिंब आपण घातलं की त्याला खाडाखोड म्हणतात. मी असल्या टिंबांपायी माणसं कोर्टात गेलेली पाहिलीत.’

आता खरं सांगायचं तर त्यांचं तत्त्व बरोबर होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. टिंब नुसतं मनानं घालता येत नाहीच, ते सिद्ध करावं लागतं. मी काउंटरवरची बाटली उचलली. पिल्लांचं पातळ औषध, लेबलावर लिहिलेलं: दर किलोला एक एमएल. म्हणजे बत्तीस एमएल पाजायचं तर दोदोल बत्तीस किलोची हवी. ती पिशवीत मावली होती. मुळात पंधराच्या बाटलीतून बत्तीसचा एक डोस निघतच नाही, तिथंच शंका यायला हवी होती. पण शंका येण्याऐवजी माणसं बाटल्या वाढवतात.

‘वजन किती तिचं?’ कार्डावर लिहिलेलं असणार, अंगठ्याखाली. मुलीला आठवेना. फार्मसीत माणसांचा वजनकाटा होता. त्यावर दोदोल एकटी ठेवली तर ती चालत खाली उतरली. अशा वेळी माणसानं आधी एकट्यानं उभं राहायचं, मग पिल्लाला घेऊन, आणि वजाबाकी करायची. मी चप्पल काढतोय तोवर आजोबा काट्यावर चढलेसुद्धा.

एकटे 64.6. दोदोलला घेऊन 66.1. फरक दीड किलो.

‘दीड एमएल,’ ते म्हणाले. मघाचं बत्तीस विसरून.

‘भाई, काठी टेकलीय तुम्ही जमिनीवर.’

काठी काढून घेतली. मग त्यांनी काउंटर धरला. काउंटर सोडवला, तर माझा खांदा. शेवटी फार्मसीवाल्यानं बाहेर येऊन त्यांच्यामागं न टेकता नुसते हात पसरले, आणि आजोबा दोदोलला छातीशी धरून तीन सेकंद निराधार उभे राहिले. 67.8. वजा 64.6. तीन पॉइंट दोन.

रांगेतून टाळ्या. आजोबांनी मान लववून त्या स्वीकारल्या.

चौदाचं कोडं राहिलंच होतं. आकड्याआधी ‘रिपीट’ असं काहीसं होतं, म्हणजे चौदा दिवसांनी पुन्हा एकदा, रोज नव्हे. पण आपल्या वाचनावर औषध पाजायचं नाही, एवढं मी बावीस वर्षांत शिकलोय. दवाखान्यात फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, ‘फोटो पाठवा.’ कपाळ माझं! दुपारी डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला: तीन पॉइंट दोन, आज एकदाच, परत चौदा दिवसांनी, पण त्या दिवशी नवं वजन करून. पिल्लू तोवर वाढलेलं असतं, तेव्हा जुना आकडा चालायचा नाही. मी मुलीला पाच एमएलची बिनसुईची सिरिंज दाखवली. तिच्यावर बारीक रेघ दर 0.2 ची असते, म्हणून तीनच्या पुढची एकच रेघ.

संध्याकाळी मूळ कार्ड खिडकीपाशी तिरपं धरून पाहिलं. टिंब होतं. पिसवेच्या अंड्याएवढं. दहापट डोस आणि बरोबर डोस यांच्यामध्ये एवढीशी शाई, आणि तीही घाईत टेकवलेली. ‘तीन पूर्णांक दोन’ असं अक्षरांत लिहायला डॉक्टरांना किती वेळ लागला असता? बँकेच्या चेकवर पाचशे रुपयेसुद्धा अक्षरात लिहून घेतात.

दोन दिवसांनी जिन्यात मुलगी भेटली, हातात जत्रेतल्या खाज्यांचा पुडा. मी हात पुसून तयार. म्हणाली, ‘त्या आजोबांकडं चाललेय. त्यांच्यामुळं टिंब सापडलं.’

त्याच रात्री मी शेवयांची खीर खायला बसलो होतो. फोन टुणकन वाजला. ‘काका, दोदोलच्या शीमध्ये हे निघालं. हेच ना जंत?’

हा फोटो मात्र दिवसाच्या उजेडात, जवळून, अंगठा बाजूला ठेवून काढलेला होता. एकेक शेवई मोजता येत होती.