लव रेझरने काढली तर केस राठ होतात?

"मुलींनो, चेहऱ्याला ब्लेड लावू नका! एकदा लव काढली की दुप्पट जाड आणि काळे केस येतात. माझ्या मावसबहिणीने लग्नाआधी रेझर फिरवला, आता हनुवटीवर पुरुषांसारखे राठ केस आलेत."

असं बरेचदा ऐकू येतं, पण ते खरं नाही. केस किती जाड यायचा हे त्वचेखालच्या मुळात ठरतं. रेझर कापतो तो बाहेरचा, निर्जीव भाग. मुळाला त्याचा पत्ताही लागत नाही. १९२८ मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी पुरुषांची दाढी ठरावीक पद्धतीने करवून केस मोजले, तेव्हा जाडी वा वाढीचा वेग बदललेला नव्हता. १९७० मध्ये काही पुरुषांनी कित्येक महिने एकाच पायाचे केस रेझरने काढले, तरी दोन्ही पायांवरचे केस सारखेच राहिले.

मग हाताला खरखर का लागते? न कापलेल्या लवेचं टोक निमुळतं असतं, कापल्यावर ते बोथट होतं. उन्हाने फिकट झालेलं टोक गेलं की खालचा भाग थोडा गडदही दिसतो. ही खरखर केस वाढला की जाते.

मावसबहिणीचे केस खरे असतील, पण कारण रेझर नाही. लवेचं राठ केसात रूपांतर करतात ते अँड्रोजेन हार्मोन्स, आणि पीसीओएस या हार्मोन्सच्या विकारात हे हनुवटी, वरचा ओठ, जबडा इथेच दिसतं. सोबत पाळी अनियमित असेल किंवा मुरुमं वाढत असतील, तर रेझरला दोष देत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा. चुकीच्या समजुतीमुळे हे निदान लांबतं, याचीच मला जास्त काळजी वाटते.

त्वचेला इजा होऊ शकते, हे मात्र खरं. ती होते हात चुकल्याने. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करा. गालापासून सुरुवात करा: कानाजवळ एका हाताने त्वचा वरच्या बाजूला ताणून धरा, पातं साधारण ४५ अंशात टेकवा आणि लव ज्या दिशेने वळलेली आहे तिकडे, म्हणजे बहुधा खाली, हलक्या हाताने थोडं थोडं फिरवा. दाबू नका, एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवू नका. पातं अडखळायला लागलं की ते बोथट झालंय, बदला. दोन-तीन वापरांनंतर तसंही बदलावं. वापरलं की धुऊन कोरडं ठेवा आणि दुसऱ्या कुणाला देऊ नका.

मुरुमं पिकलेली असतील, ओठावर तापाचे फोड आले असतील किंवा त्वचा सोलली असेल, तर त्या दिवशी नको. रेटिनॉल लावत असाल तर काही दिवस आधी थांबवा. नंतर साधं मॉइश्चरायझर, बाहेर पडताना सनस्क्रीन. ॲसिडवाली सिरम दुसऱ्या दिवसापर्यंत बाजूला. तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरतं. त्वचारोगतज्ज्ञ डर्माप्लेनिंगला, म्हणजे लव आणि वरची मृत त्वचा खरवडून काढायला, सर्जिकल ब्लेड वापरतात. तो प्रयोग घरी करू नका.