पेन्शन स्लिपच्या फोटोतला तळाचा आकडा सगळ्यात शेवटी वाचा

रिटर्न भरायचे दिवस आले की नात्यातल्या ज्येष्ठांचे पेन्शन स्लिपचे फोटो व्हॉट्सॲपवर यायला लागतात. सोबत प्रश्न एकच, "यात टॅक्स किती कापलाय, बघ ना." घरातली तरुण मंडळी काय करतात, तर तळाची निव्वळ रक्कम बघतात, तिला बाराने गुणतात आणि झालं वार्षिक उत्पन्न. ही पद्धत साफ चुकीची आहे आणि तिचा भुर्दंड त्या म्हाताऱ्या माणसाला बसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं असं, की स्लिप नुसती वाचू नका, वरून खाली स्वतः मांडा. बेसिक पेन्शन आणि महागाई सवलतीचा म्हणजे डीआरचा दर हातात असला की त्या महिन्याची पेन्शन किती असायला हवी हे आपलं आपल्याला काढता येतं. त्यावर जे उरतं ते एरियर्स म्हणजे मागच्या महिन्यांची थकबाकी, आणि बेरजेतून जे कमी होतं तो टॅक्स.

केंद्र सरकारच्या एका पेन्शनरांची नोव्हेंबर २०२४ ची स्लिप घेऊ. आकडे सोयीसाठी गोल केलेत. बेसिक पेन्शन ६०,०००. खाली 'कम्यूटेड' म्हणून २४,००० वजा. त्याखाली डीआर ३१,८००, वैद्यकीय भत्ता १,०००, एरियर्स ७,२००, टीडीएस २,३५८ आणि तळाशी निव्वळ ७३,६४२.

पहिली गफलत त्या २४,००० पाशी होते. वजाबाकीच्या रकान्यात एवढा मोठा आकडा दिसला की लोकांना वाटतं सरकारने टॅक्स कापला. तो टॅक्स नाही. निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात, त्याची ही दरमहा वजावट. ती १५ वर्षांनी थांबते आणि पूर्ण पेन्शन पुन्हा सुरू होते. उत्पन्न मोजताना उरलेले ३६,००० च धरायचे. मात्र महागाई त्या ३६,००० वर नसते, पूर्ण ६०,००० वर असते. तेव्हा दर ५३ टक्के होता, म्हणून ३१,८००. हा गुणाकार जुळला की बेसिक आणि डीआर दोन्ही आकडे फोटोतून बरोबर उतरवलेत याची खात्री पटते. मग ३६,००० अधिक ३१,८०० अधिक १,०००, म्हणजे ६८,८००. ही झाली खरी मासिक पेन्शन.

आता एरियर्स. स्लिपवर नुसतं 'एरियर्स' लिहिलेलं असतं. कशाचे, कुठल्या महिन्यांचे, काही पत्ता नाही. इथे थोडं मागे जावं लागतं. महागाईचा दर १ जुलै २०२४ पासून ५० चा ५३ टक्के झाला, पण निर्णय ऑक्टोबरच्या मध्यावर आला. काही बँकांनी फरक ऑक्टोबरच्या पेन्शनसोबत दिला, काहींनी नोव्हेंबरच्या. ६०,००० चे ३ टक्के म्हणजे महिन्याला १,८००. ७,२०० ला १,८०० ने भागलं की बरोबर ४ येतात. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. हिशोब मिटला.

हा भागाकार फोटोच्या बाबतीत फार कामाचा आहे. व्हॉट्सॲपवर फोटो दाबला जातो आणि ७ चा १ दिसतो, ३ चा ८ दिसतो. कुणी ७,२०० ऐवजी १,२०० वाचले, तर ते एका महिन्याच्या फरकाएवढेही भरत नाहीत, म्हणजे वाचण्यातच गोची आहे हे लगेच कळतं. भागाकार जुळत नसेल तर आकडा ताणून बसवू नका. स्लिप पुन्हा मागवा, आणि फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. पेन्शनच्या आदेशावरचा पीपीओ नंबर आणि खाते नंबर झाकून पाठवायला सांगा हेही महत्त्वाचं, कारण ही स्लिप फॅमिली ग्रुपवर सर्रास फिरत असते.

टीडीएसकडे येऊ. याच गृहस्थांचा ऑक्टोबरपर्यंत महिन्याला १,९८५ टॅक्स कापला जात होता. नोव्हेंबरमध्ये तो २,३५८ झाला आणि घरात चर्चा सुरू, की ७,२०० वर टॅक्स लावला. तसं होत नाही. बँक वर्षभराच्या पेन्शनचा अंदाज धरते, त्यावरचा टॅक्स काढते आणि महिन्यांत वाटते. केंद्राच्या पेन्शनरांना मार्चची पेन्शन एप्रिलमध्ये मिळते, म्हणून वर्ष मार्च ते फेब्रुवारी धरू. जुन्या दराने ६७,००० चे चार महिने आणि नव्या दराने ६८,८०० चे आठ, एकूण ८,१८,४००. नव्या करपद्धतीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की ७,४३,४०० उरतात. २०२४-२५ च्या दरांनी आणि ४ टक्के सेस धरून टॅक्स येतो २५,३१४. आठ महिन्यांत १५,८८० कापून झाले होते. उरलेले ९,४३४ चार महिन्यांत वाटले की महिन्याला साधारण २,३५८. म्हणून डिसेंबरमध्ये एरियर्स नसतानाही टीडीएस तेवढाच राहिला.

२०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला रिबेट आहे, त्यामुळे एवढ्या पेन्शनवर आता टीडीएस यायला नको. तरीही दिसला तर बँकेला विचारा, त्यांनी जुनी पद्धत धरली आहे का.

पासबुकाच्या फोटोवरून हे काम करू नका. पेन्शनचा टॅक्स कापूनच रक्कम खात्यात येते, तो पासबुकात ओळ म्हणून दिसतच नाही. तिथे 'टीडीएस' अशी वेगळी नोंद दिसलीच तर ती बहुतेक एफडीच्या व्याजावरची. आपल्या नावे कापलेल्या टॅक्सची नोंद असलेल्या प्राप्तिकर खात्याच्या २६एएस मध्ये एकाच बँकेच्या नावावर दोन्ही येतात, पण कलम वेगळं असतं. पेन्शन १९२ खाली, व्याज १९४ए खाली. मी तर स्लिपांवरच्या टीडीएसची बेरीज १९२ च्या नोंदींशी जुळल्याशिवाय रिटर्न भरतच नाही. फॅमिली पेन्शनचं प्रकरण वेगळं आहे. ती पगारात धरली जात नाही, त्यामुळे तिला ही ७५,००० ची वजावट लागू नाही आणि सहसा टीडीएसही कापला जात नाही.

एरियर्स वेगळे काढायचं आणखी एक कारण म्हणजे वर्ष. आपल्या उदाहरणातले चारही महिने एकाच आर्थिक वर्षातले, त्यामुळे फरक पडला नाही. पण १ जानेवारी २०२५ पासूनची २ टक्के वाढ मार्चअखेर जाहीर झाली आणि तिचा फरक पुढच्या आर्थिक वर्षात हातात आला. मागच्या वर्षाचा फरक यंदा मिळाला आणि त्यामुळे टॅक्स वाढला, तर कलम ८९ खाली सवलत मिळते. त्यासाठी रिटर्नच्या आधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरावा लागतो. तो राहिला आणि सवलत तशीच घेतली तर नोटीस येते. महागाईच्या दोन टक्क्यांत फार हाती लागत नाही, पण पेन्शन सुधारणेची तीन-चार वर्षांची थकबाकी एकदम आली असेल तर रक्कम चांगली मोठी असते.

केंद्राच्या पेन्शन विभागाने २०२१ मध्येच बँकांना सांगितलं होतं, की पेन्शन जमा झाल्यावर कपातींसह पूर्ण तपशील कळवा, हवं तर व्हॉट्सॲपवरही. मग एरियर्सच्या ओळीत 'जुलै ते ऑक्टोबर, ३ टक्के' एवढं छापायला काय हरकत आहे? ऐंशी वर्षांच्या माणसाने आपल्याच पैशाचा अर्थ लावायला भाच्याची वाट का बघायची? तुमच्या स्लिपवर कालावधी छापलेला नसेल तर शाखेकडे लेखी मागा. अर्जात पीपीओ नंबर, महिना आणि एरियर्सची रक्कम लिहा, आणि त्या रकमेचं महिनावार विवरण हवं आहे असं स्पष्ट म्हणा.