नापास मित्राचे सांत्वन कसे करावे?

मित्र वाहनचाचणीत नापास झाल्याचे कळताच सांत्वनाचे कार्य तातडीने हाती घ्यावे, कारण उशीर केल्यास तो आपल्या मदतीवाचूनच सावरण्याचा धोका असतो. गेल्या आठवड्यात माझ्या मित्राची गाडी चाचणीतल्या चढावर मागे घसरली. संध्याकाळी त्याच्याभोवती जमलेल्या हितचिंतकांनी या कलेचे जे प्रात्यक्षिक घडवले, ते पाहून पुढील सूचना सुचल्या.

प्रारंभी, आपण पहिल्याच फटक्यात उत्तीर्ण झालो होतो, हे सहज निघाल्यासारखे सांगावे.

मग आपल्या ज्ञानाचे भांडार उघडावे. 'क्लच हळू सोडायचा असतो' हे वाक्य मित्राने आजवर ऐकलेलेच नाही, असे गृहीत धरावे. चढावर गाडी का घसरली, हे विचारण्याच्या भानगडीत मुळीच पडू नये. विचारले तर तो सांगेल, आणि सांगितले तर आपले व्याख्यान वाया जाईल. तो ज्या गाडीवर शिकला तिचा क्लच पाय थोडासा उचलताच पकडत असे आणि चाचणीच्या गाडीचा बराच वर आल्यावर पकडत होता, असल्या क्षुल्लक तपशिलाशी आपल्याला काय कर्तव्य? सवयीच्या जागी पाय आला तेव्हा इंजिनाचा आवाज जडावला नव्हता, गाडीचे नाक किंचितही उचलले नव्हते, म्हणजे चाकांपर्यंत जोर पोचलाच नव्हता. त्याने हँडब्रेक सोडला आणि गाडी मागे गेली. एवढी साधी गोष्ट! पण ती ऐकून घ्यायला दोन मिनिटे गप्प बसावे लागते, आणि तेवढेच नेमके आपल्या हितचिंतकांना जमत नाही. त्यांतल्या एकाने तर बशी हातात धरून, पायाने जमीन दाबत, क्लच 'असा' सोडायचा म्हणून दाखवले. स्वतः गेली कित्येक वर्षे क्लच नसलेली गाडी चालवणाऱ्या माणसाने!

'परीक्षकच खडूस असतात' असेही म्हणावे. मित्राने तसे म्हटले नसले तरी चालेल.

निघताना 'मग पुढची तारीख कधी?' हे सर्वांसमक्ष विचारायला विसरू नये.

आता उपरोध पुरे. अहो, त्याने कित्येक सकाळी झोप मोडून सराव केला होता आणि ते सारे त्या चढावर क्षणात संपले. त्याला वाईट वाटू द्या की! तुमचे पराक्रम घरी ठेवा. विचारायचेच असेल तर कुठे अडले ते विचारा आणि उत्तर मध्येच न तोडता ऐका. खरोखरच मदत करायची असेल, तर पुढच्या चाचणीला जी गाडी मिळणार आहे तसलीच गाडी मिळवून त्याच्या शिक्षकासह मोकळ्या जागी सराव होईल एवढे पाहा. आधी सपाटीवर, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, क्लच नेमका कुठे पकडतो ते त्याला शोधू द्या आणि मगच चढावर न्या. तुम्ही मागच्या सीटवर बसा, आणि तोंड मिटून बसा.