मिस्टरांना लूज मोशन

माझी भाची टोरोंटोत असते आणि तिचा नवरा तिथलाच. आमच्या जावईबापूंना मराठी येत नाही. सांगलीच्या ताईला इंग्रजी येतं, असं ताईचं मत आहे. या दोघांच्या मधे मी. पंचवीस वर्षं कंपन्यांची माहितीपत्रकं मराठीत आणून पोट भरलेला माणूस, तेव्हा घरच्या ग्रुपवरचे मेसेज म्हणजे हातचा मळ, असं भाचीला वाटलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

पहिलाच मेसेज आला तो असा: ‘मिस्टरांना रात्री लूज मोशन झाले. बीपी पण आहेच. सिस्टर म्हणाल्या टेन्शन नको. लाइट गेलेली म्हणून फोन उचलला नाही. आता हॉटेलातून पार्सल आणलंय.’

निम्मा मेसेज तर आधीच इंग्रजीत आहे, असं म्हणून मी इंग्रजी शब्द जसेच्या तसे ठेवले, मधल्या मराठीचं भाषांतर केलं आणि पाठवून दिलं. दहा मिनिटांत जावईबापूंचे प्रश्न आले. मिस्टर कोण? कुणाची बहीण आली होती? रक्तदाब तर प्रत्येकालाच असतो, त्यात विशेष काय? सासूबाई हॉटेलात का राहताहेत, आणि त्या पार्सलात काय आहे?

मग मी मेसेज समोर घेऊन बसलो. अडलं होतं ते नेमकं इंग्रजी शब्दांपाशी. मिस्टर म्हणजे नवरा, सिस्टर म्हणजे नर्स, हॉटेल म्हणजे जिथे मुक्काम नाही पण मिसळ मिळते ती जागा, आणि पार्सल म्हणजे तीच मिसळ पिशवीत. ‘बीपी आहे’ म्हणजे वाढलेलंच. कमी झालं तर ताई ‘बीपी लो झालं’ असं मुद्दाम सांगते. हे शब्द साहेबाच्या घरून आले खरे, पण आता आपल्याकडे नांदतात. त्यांना लिंग मिळालंय, विभक्ती लागते. लाइट ‘जाते’, कारण तिच्या जागी पूर्वी वीज होती. हॉटेलचं ‘हॉटेलात’ होतं. टेन्शन ‘येतं’ आणि दुसऱ्याला ‘देता’ही येतं. शब्द असा वागू लागला की त्याचं भाषांतर करायचं, स्पेलिंग ओळखीचं दिसलं तरी. याउलट ‘मीटिंग पोस्टपोन झाली’ यातलं पोस्टपोन अजून पाहुणं आहे. ते उचलून तसंच इंग्रजीत ठेवलं तरी बिघडत नाही.

लूज मोशनचं प्रकरण मात्र वेगळं. ताई ‘जुलाब’ म्हणत नाही, कारण तो शब्द चारचौघांत बरा दिसत नाही. इंग्रजी शब्द तिच्यासाठी पदर आहे. पण इंग्रजी वाचणाऱ्यासमोर इंग्रजी शब्द ठेवला की पदरच सरकतो. म्हणून मी ‘बाबांचं पोट जरा बिघडलं होतं’ अशा अर्थाचं सौम्य इंग्रजी लिहिलं. शब्द गेला, पण ताईची अब्रू राहिली.

राहिला तो ‘आहेच’मधला ‘च’. ‘बीपी पण आहेच’ यात माहिती एक आणि तक्रारी तीन आहेत: हे जुनं दुखणं आहे, तरी भाऊजी लोणचं सोडत नाहीत, आणि माझं कोण ऐकतंय. इंग्रजीत च नाही. शेवटी ‘अर्थातच, नेहमीचं बीपी आहे ते आहे’ अशा वळणाचं वाक्य केलं. एका अक्षराला अर्धी ओळ लागली.

जावईबापूंचं उत्तर मराठीत आणायची वेळ आली तेव्हा माझ्यातला जुना भाषांतरकार जागा झाला. ‘त्यांचा रक्तदाब नियंत्रणात आहे का? कृपया चिंता करू नये,’ असं लिहिलं. दुसऱ्या क्षणी ताईचा फोन. ‘अरे, रक्तदाब म्हणजे आणखी काय निघालं रे यांना? आणि चिंता करू नये असं म्हणतोय म्हणजे नक्कीच काहीतरी आहे!’ तिला समजावून सांगितलं आणि वाक्य बदललं: ‘बाबांचं बीपी कंट्रोलमध्ये आहे ना? टेन्शन घेऊ नका हं.’ मूळ इंग्रजीत टेन्शन हा शब्द नव्हता. ताईच्या मराठीत मात्र तो हवाच होता, आणि शेवटचा ‘हं’ही. तो नसता तर जावई रागावलाय असं वाटलं असतं.

असे सहा महिने गेले. परवा टोरोंटोत वादळ झालं आणि जावईबापूंनी मला वगळून थेट ताईला इंग्रजीत मेसेज केला. लाइट गेली, फोन स्विच ऑफ होता, नो टेन्शन, हॉटेलातून पार्सल आणलं.

ताईने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बघ, आता कसं स्वच्छ इंग्लिश बोलायला लागला!’