उलटा पिन, दोनदा कॅन्सल आणि आपलं पासबुक

गटाच्या ग्रुपवर फिरलेला मेसेज: "एटीएमवर चोर आला तर पिन उलटा टाका, पैसे निघतील आणि पोलिसांना आपोआप कळेल. कार्ड टाकायच्या आधी कॅन्सल दोनदा दाबा, पिन चोरीला जात नाही. आणि कुणी फसवलंच तर बँक सगळे पैसे परत देते, पासबुक भरत बसू नका, मोबाईलवर मेसेज येतोच."

बायांनो, हा मेसेज मला या महिन्यात चार जणींनी पाठवला, म्हणून आजच्या मीटिंगला आधी हेच घेऊ.

उलट्या पिनचं सोपं आहे. ज्यांचा पिन 1221 असेल त्यांनी उलटा कसा टाकायचा? उलटा करून पण 1221च ना, मग मशीनला काय कळणार. बाकीच्यांनी उलटा टाकला तर मशीन चुकीचा पिन म्हणून पैसेच देणार नाही आणि तीनदा चुकला की कार्ड बंद पडतं, पोलीस वगैरे कुणी येत नाही.

कॅन्सलचं बटण चालू असलेला व्यवहार थांबवतं, बास. पिन चोरणारा वर बारीक कॅमेरा लावतो नाहीतर मागे उभा राहून बघतो, त्याला तुमच्या कॅन्सलने काय फरक पडणार? दुसऱ्या हाताने बटणं झाकायची, हा खरा उपाय. आणि कार्डाच्या पाकिटावर पिन लिहून ठेवणाऱ्या इथे कोण कोण आहेत ते मला माहितीये, हसू नका.

आता "बँक सगळे परत देते" हे जे आहे ना ते सगळ्यात घातक, कारण ते अर्धं खरं आहे. रिझर्व्ह बँकेचा जुलै 2017 चा नियम आहे, की चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणीतरी पैसे काढले, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तुम्ही बँकेला कळवलं तर तुमचा एक रुपया जाणार नाही. चार ते सात दिवस लावले तर काही भार तुमच्यावर येतो, जनधनसारख्या खात्याला जास्तीत जास्त 5,000 आणि साध्या बचत खात्याला 10,000 पर्यंत. पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंत गेलेलं सगळं तुमच्या अंगावर. कळवल्यानंतर गेलं तर ते बँकेचं. म्हणजे फसलात तरी लाजून घरात बसू नका, तासातासाचा हिशोब असतो.

आणि ओटीपी मागतात कसा, तर "ताई, लाडक्या बहिणीचे 1500 अडकलेत, केवायसी राहिलीय, आलेला नंबर सांगा." आता गंमत अशी की त्या योजनेच्या केवायसीला आधारचा ओटीपी खरंच लागतो, म्हणूनच बाई फसते. पण तो आपण स्वतः सरकारी साईटवर टाकायचा असतो, फोनवरच्या माणसाला सांगायचा नसतो. अजून एक, मोबाईलवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, फक्त द्यायला लागतो. "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणाला की फोन ठेवा.

राहिलं पासबुक. मेसेज येतो म्हणता, पण कुणाच्या मोबाईलवर? आपल्यातल्या कितीतरी जणींच्या खात्याला पुण्यातल्या पोराचा नंबर जोडलाय नाहीतर बंद पडलेला जुना नंबर. समजा खात्यात 6,200 होते. तुम्ही गावातल्या बँकेच्या केंद्रावर अंगठा लावून 1,000 काढले, केंद्रवाला म्हणाला "लागला नाही, परत लावा", तुम्ही लावला, हजार घेऊन घरी. पासबुक भरल्यावर दिसतं त्याच तारखेला एक ओळ 1,000 ची आणि लगेच खाली दुसरी 2,000 ची, शिल्लक 3,200. तुमच्या हिशोबाने 5,200 पाहिजे. अंगठ्याच्या व्यवहाराला पिन नाही, कार्ड नाही, त्यामुळे पिन कितीही जपला तरी हे पासबुकाशिवाय कळत नाही. अंगठा दुसऱ्यांदा लावायच्या आधी पहिल्याची पावती मागायची, व्यवहार फेल झाला तरी पावती निघते. आणि पासबुक बघताना नुसती शेवटची शिल्लक बघू नका, पैसे काढल्याची एकेक ओळ "ही मी काढली का" असं विचारत बोट ठेवून वाचा.

घोळ दिसला तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरला, 1930 ला फोन, आणि शाखेत लेखी अर्ज देऊन तक्रार नंबर आणि तारखेचा शिक्का घ्या, नुसतं साहेबाला तोंडी सांगून आलात तर तीन दिवसांत कळवलं हे दाखवायला हातात काय राहणार. पुढच्या मीटिंगला सगळ्यांनी पासबुक भरून आणा, आणि खात्याला कुणाचा नंबर आहे तेही शाखेत विचारून या.